सहा पायऱ्यांचा प्रवास: 'साबण की सॅनिटायझर' हा प्रश्न नीट कसा विचारायचा?

ते पोस्टर तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असणारच. तळहातावर तळहात, मग हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, मूठ, अंगठा आणि शेवटी नखं. शाळांमध्ये हेच 'सुमन के' या हिंदी आद्याक्षरांनी शिकवतात: सीधा, उल्टा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून, कलाई. दवाखान्यात तेच चित्र साबणाच्या बेसिनवर असतं आणि सॅनिटायझरच्या बाटलीवरही असतं. त्यामुळे आपली अशी समजूत होते की ही पद्धत सर्दी, फ्लू, न्यूमोनिया टाळण्यासाठी कुणीतरी तपासून ठरवली असणार.

तसं झालेलं नाही. ही पद्धत आली वेगळ्या प्रश्नातून, आणि साबण विरुद्ध सॅनिटायझर ही श्वसनसंसर्गाबाबतची तुलना झाली त्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी, वेगळ्या जागी आणि वेगळ्या मोजमापाने. हे दोन धागे वेगळे करून पाहिले, तर तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये एकमेकांविरुद्ध उभे दिसणारे बरेच पेपर खरं तर भांडतच नाहीत हे लक्षात येईल.

१९७८, बर्मिंगहॅम

१९७८ साली इंग्लंडमध्ये दोन छोटी कामं प्रसिद्ध झाली. पहिलं लिंडा टेलर यांचं. त्यांनी नर्सेसना रंगद्रव्य वापरून हात धुवायला लावले आणि हाताचा कुठला भाग सुटतो ते पाहिलं. सुटणारे भाग ठरलेले होते: अंगठे, बोटांची टोकं आणि बोटांच्या मधल्या जागा. म्हणजे आपण सवयीने तळहात भरपूर घासतो, आणि ज्या टोकांनी खरोखर वस्तूंना, रुग्णाला, स्वतःच्या नाकाला हात लावतो तीच कोरडी राहतात.

दुसरं काम बर्मिंगहॅमच्या डडली रोड हॉस्पिटलमधल्या संसर्ग संशोधन प्रयोगशाळेतलं. ग्रॅहम एलिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे प्रश्न होता तो असा: बाजारात हात निर्जंतुक करणारी अनेक द्रावणं आहेत, त्यांची एकमेकांशी न्याय्य तुलना कशी करायची? समजा, एका व्यक्तीने द्रावण अ घेऊन जोरात हात घासले आणि दुसरीने द्रावण ब घेऊन नुसते फिरवले. मग फरक दिसला तर तो द्रावणाचा की घासण्याचा? हे सांगता येणार नाही. म्हणून त्यांनी घासण्याची पद्धतच पक्की बांधून टाकली. सहा हालचाली, प्रत्येक हालचाल पाच वेळा, एकूण साधारण अर्धा मिनिट. बोटांच्या टोकांवर मुद्दाम जंतू लावायचे, द्रावण वापरायचं, आणि मग टोकांवर किती जंतू उरले ते मोजायचं.

इथे थांबून विचार करा. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर घासण्याची पद्धत हा त्या प्रयोगातला स्थिर ठेवलेला घटक होता. तपासला जात होता तो द्रावणाचा परिणाम. सहा हालचाली या तीन किंवा आठ हालचालींपेक्षा चांगल्या आहेत का, हा प्रश्न विचारलाच नव्हता. पण पद्धत सोपी होती, टेलर यांना सुटलेले दिसलेले भाग तिच्यात येत होते आणि ती चित्रात मांडता येत होती. म्हणून ती प्रयोगशाळेतून वॉर्डात आली, युरोपातल्या चाचणी-मानकांमध्ये गेली आणि २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमधून जगभर पोचली. मूळ सहामध्ये मनगट नव्हतं. ते नंतर जोडलं गेलं. आपल्या 'के'मध्ये ते आहे.

पद्धतीचीच परीक्षा घेतली गेली ती खूप उशिरा. २०१६ साली ग्लासगोमध्ये जॅकी रायली आणि सहकाऱ्यांनी डॉक्टर आणि नर्सेसची चिठ्ठी टाकून दोन गटांत विभागणी केली. एका गटाने सॅनिटायझर सहा पायऱ्यांनी चोळलं, दुसऱ्याने अमेरिकेतल्या सोप्या तीन पायऱ्यांनी. सहा पायऱ्यांच्या गटात हातावरचे जंतू लॉग ३.२८ वरून २.५८ वर आले, तर तीन पायऱ्यांच्या गटात ३.०८ वरून २.८८ वर.

लॉगची सवय नसेल तर हे आकडे जवळजवळ सारखेच वाटतात. पण इथे लॉगमधला एकचा फरक म्हणजे दहापट. त्या हिशेबाने ०.७ ची घट म्हणजे साधारण पाचातला एक जंतू उरला, आणि ०.२ ची घट म्हणजे पाचातले तीन उरले. फरक बरा आहे. पण त्याच पेपरमधली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. समोर सूचनांचं कार्ड होतं, निरीक्षक बघत होता, तरी सहा पायऱ्यांच्या गटातल्या फक्त ६५ टक्के लोकांनी सगळी पद्धत पूर्ण केली. वेळही जास्त लागला: सुमारे ४२ सेकंद, दुसऱ्या गटात ३५.

म्हणजे बारकाईची पद्धत हातावर चांगली चालते आणि माणसांकडून कमी पूर्ण होते. या दोन वाक्यांमधला ताण पुढच्या सगळ्या इतिहासात दिसत राहतो.

विषाणू हातावर असताना

आता श्वसनसंसर्गाकडे येऊ. वरच्या चाचण्यांत मोजले होते जीवाणू. फ्लूचा विषाणू हातावर असेल तर साबण आणि अल्कोहोल काय करतात?

दोघांचं काम करण्याचं तंत्र वेगळं आहे. अल्कोहोल विषाणूला जागच्या जागी निकामी करतं: त्याचं चरबीयुक्त आवरण विस्कटतं आणि प्रथिनांची घडी मोडतं. यासाठी थोडं पाणीही लागतं, म्हणून जवळपास शुद्ध अल्कोहोलपेक्षा ६० ते ८० टक्क्यांचं मिश्रण जास्त परिणामकारक ठरतं. साबणही आवरण विस्कटतो, पण त्याचं मोठं काम आहे सुटं करून वाहून नेण्याचं. घासल्याने चिकटलेला थर निघतो आणि पाणी तो घेऊन जातं. त्यामुळे साबणाच्या बाबतीत खळबळून धुणं हा पद्धतीचा अर्धा भाग आहे, आणि सॅनिटायझरच्या बाबतीत हात ओले राहण्याचा वेळ हा अर्धा भाग आहे.

२००९ साली मेलबर्नमध्ये लिंडसे ग्रेसन आणि सहकाऱ्यांनी लस घेतलेल्या २० आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हातांवर प्रत्यक्ष जिवंत एच१एन१ विषाणू लावला आणि साबण-पाणी व तीन प्रकारची सॅनिटायझरं तपासली. चारही पद्धतींनी विषाणू जवळपास नाहीसा झाला. साबण-पाणी संख्याशास्त्राच्या दृष्टीने थोडं सरस ठरलं, पण उरलेल्या विषाणूंमधला प्रत्यक्ष फरक अगदीच किरकोळ होता. 'सिग्निफिकंट' असणं आणि महत्त्वाचं असणं या दोन गोष्टी कशा वेगळ्या असतात, याचं उदाहरण म्हणून हा पेपर लक्षात ठेवा.

दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, क्योटोच्या गटाने या चित्राला एक अट जोडली. त्यांनी विषाणू नुसत्या द्रावणात न ठेवता फ्लूच्या रुग्णांच्या कफात ठेवला. कफ ओला असताना अल्कोहोल त्या चिकट थरात इतकं हळू शिरत होतं की विषाणू निकामी व्हायला जवळपास चार मिनिटं लागली. कफ पूर्ण वाळल्यावर मात्र अडचण राहिली नाही. आणि वाहत्या पाण्याखाली धुतल्यावर, साबण नसतानाही, अर्ध्या मिनिटात काम झालं.

यातून व्यवहारात काय घ्यायचं? शिंक हातावर आली, नाक पुसलं, लहान मुलाचा शेंबूड काढला, हात चिकट किंवा मळके दिसतायत: अशा वेळी पाणी आणि साबण. हात दिसायला स्वच्छ आणि कोरडे आहेत, पण दाराची कडी, बसचा दांडा, दुसऱ्याचा हात यांना लागून आले आहेत: तिथे सॅनिटायझर पुरतं. ते इतकं घ्यायचं की सगळा हात २० ते ३० सेकंद ओला राहील. दहा सेकंदांत हात कोरडा झाला तर द्रावण कमी पडलं, अशी साधी खूण. साबणाच्या पूर्ण क्रियेला, ओलं करण्यापासून पुसण्यापर्यंत, जागतिक आरोग्य संघटना ४० ते ६० सेकंद धरते.

प्रयोगशाळेचं उत्तर इथे संपतं: दोन्ही चालतात, आपापल्या अटींवर. पण माणसं कमी आजारी पडतात का, हे बोटांच्या टोकांवर मोजता येत नाही.

कराची आणि अल्मेरिया

हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर विचारला गेला तो कराचीत. एप्रिल २००२ पासून वर्षभर स्टीफन लुबी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दाट वस्त्यांमध्ये काम केलं. २५ वस्त्यांमधल्या ६०० कुटुंबांना साबण मोफत दिला आणि दर आठवड्याला घरी जाऊन हात धुण्याचा आग्रह धरला. ११ वस्त्यांमधली ३०६ कुटुंबं तुलनेसाठी होती. त्यांना मुलांची पुस्तकं, वह्या, पेनं मिळत होती. शिकवलेली पद्धत अशी: हात ओले करा, पूर्ण फेस करा, ४५ सेकंद चोळा, फेस धुऊन टाका. हात पुसायचे ते बहुतेक वेळा अंगावरच्या कपड्यांना.

सहा पायऱ्या नाहीत, टॉवेल नाही. तरी पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा ५० टक्के कमी भरलं. निम्म्या घरांना जीवाणूनाशक घटक असलेला साबण दिला होता, निम्म्यांना साधा. दोन्हींत फरक आढळला नाही.

हा पेपर वाचताना दोन गोष्टी तपासा. पहिली, इथे 'न्यूमोनिया' म्हणजे काय? खोकला किंवा धाप आणि त्याबरोबर वयाच्या मानाने वाढलेला श्वासाचा वेग. एक ते पाच वर्षांच्या मुलासाठी मिनिटाला ४० किंवा जास्त. ही घरोघरी जाऊन लावता येणारी व्याख्या आहे, एक्स-रे किंवा प्रयोगशाळेची नाही. दुसरी, कुटुंबांना आपण कुठल्या गटात आहोत हे माहीत होतं. साबण 'न दिसता' देता येत नाही. आजार सांगण्यावर याचा परिणाम होऊ शकतो. निष्कर्ष यामुळे रद्द होत नाही, पण ५० हा आकडा दगडावरची रेघ समजू नका.

कराचीत सॅनिटायझर नव्हतं. साबण आणि सॅनिटायझर यांना समोरासमोर ठेवून श्वसनसंसर्ग मोजणाऱ्या अभ्यासांमध्ये माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा अभ्यास स्पेनमधल्या अल्मेरियाचा आहे. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. २४ पाळणाघरं, शून्य ते तीन वर्षांची ९११ मुलं, आठ महिने. पाळणाघरांची चिठ्ठीने तीन गटांत विभागणी झाली: एका गटात सॅनिटायझर, एका गटात साबण-पाणी, आणि तिसऱ्यात नेहमीचं चालू. पहिल्या दोन्ही गटांत पालकांना आणि कर्मचाऱ्यांना हात कधी व कसे स्वच्छ करायचे हे शिकवलं होतं.

निकाल समजायला सोपे करून सांगतो. नेहमीच्या गटात एखाद्या काळात श्वसनसंसर्गाचे १०० प्रसंग घडले असं धरा. तेवढ्याच मुलांमध्ये, तेवढ्याच काळात, साबणाच्या गटात ९४ घडले आणि सॅनिटायझरच्या गटात ७७. पेपरमध्ये हेच ०.९४ आणि ०.७७ असं दिसेल. साबणाच्या आकड्याची विश्वासमर्यादा ०.८२ ते १.०८ आहे. तिच्यात १ येतो, म्हणजे 'काहीच फरक नाही' ही शक्यता नाकारता येत नाही. सॅनिटायझरची मर्यादा ०.६८ ते ०.८८, तिच्यात १ येत नाही.

इथे नवखे संशोधक हमखास घसरतात. 'सॅनिटायझरचा परिणाम सिद्ध झाला, साबणाचा झाला नाही, म्हणून सॅनिटायझर साबणापेक्षा चांगलं' असं लिहून मोकळे होतात. हे अनुमान चुकीचं आहे. अ आणि क मध्ये फरक सिद्ध झाला आणि ब आणि क मध्ये झाला नाही, यावरून अ आणि ब मध्ये फरक आहे असं ठरत नाही. ब ची मर्यादा फक्त रेषेच्या जरा पलीकडे गेलेली असू शकते. त्यासाठी अ आणि ब ची थेट तुलना करावी लागते. अल्मेरियाच्या संशोधकांनी ती केली. साबणाच्या गटात संसर्गाचं प्रमाण सॅनिटायझरच्या गटाच्या १.२१ पट होतं, मर्यादा १.०६ ते १.३९. ही ओळ पेपरमध्ये असल्यामुळेच 'इथे सॅनिटायझर सरस ठरलं' असं म्हणता येतं. तुमच्या रिव्ह्यूमधल्या प्रत्येक तीन गटांच्या अभ्यासात ही ओळ शोधा.

मग साबण कमी का पडला?

मेलबर्नमध्ये हातावर दोन्ही सारखेच चालले, क्योटोत ओल्या कफापुढे पाणीच जिंकलं, कराचीत साबणाने न्यूमोनिया निम्म्यावर आणला. आणि शेंबड्या मुलांनी भरलेल्या पाळणाघरात साबण मागे पडला. विरोधाभास वाटतो ना? एक साधं गणित करून बघू. आकडे माझे, अंदाजाचे आहेत.

एका ताईंकडे १५ मुलं आहेत. दोन वर्षांच्या मुलाला बेसिनपर्यंत न्यायचं, उचलून धरायचं, बाह्या वर करायच्या, धुवायचं, पुसायचं: दीड मिनिट धरा. पंधरा मुलांचे साडेबावीस मिनिटं. दिवसातून चार वेळा हे करायचं तर दीड तास. सॅनिटायझरची बाटली मात्र मुलापाशी जाते. अर्धा मिनिट धरलं तर पंधरा मुलांची साडेसात मिनिटं, चार वेळांचा अर्धा तास. आणि शिंकल्यावर, खेळून आल्यावर, जेवणाआधी असे प्रसंग दिवसात चारच नसतात. म्हणजे साबणाच्या गटात प्रत्येक धुणं चांगलं झालं, तरी धुण्याची संख्या कमी राहण्याची शक्यता मोठी.

हे गणित नवीन नाही. १९९७ साली आंद्रेआस फॉस आणि आंद्रेआस विडमर यांनी रुग्णालयासाठी तेच केलं होतं. बारा कर्मचाऱ्यांच्या दिवसपाळीत प्रत्येक वेळी नियमाप्रमाणे साबणाने हात धुतले, तर सगळ्यांचे मिळून १६ तास त्यातच जातील. खाटेजवळच्या बाटलीतलं अल्कोहोल वापरलं तर ३ तास. त्याच काळात जिनिव्हात दिदिए पिते यांचा गट खाटेपाशी अल्कोहोल ठेवून काय होतं ते पाहत होता. हात स्वच्छ करण्याचं प्रमाण १९९४ मधल्या ४८ टक्क्यांवरून १९९७ मध्ये ६६ टक्क्यांवर गेलं, आणि रुग्णालयात लागणाऱ्या संसर्गांचं प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आलं. रुग्णालयांनी साबणाकडून सॅनिटायझरकडे वळण्यामागे जंतू मारण्याच्या ताकदीइतकंच, किंबहुना जास्त, बेसिनचं अंतर होतं.

कराचीत घरचं पाणी, घरचा साबण आणि एका आईकडे मोजकी मुलं होती. दर आठवड्याला कार्यकर्ती दारात येत होती. तिथे साबणाला संख्येची अडचण कमी होती. आणि तुलना होती ती अशा घरांशी, जिथे साबणाने हात धुणं आधी फारसं होतच नव्हतं.

तुलना कशाशी?

हे शेवटचं वाक्य न्यूझीलंडच्या अभ्यासात सगळ्यात स्पष्ट दिसतं. २००९ च्या हिवाळ्यात ड्युनेडिन, क्राइस्टचर्च आणि इन्व्हरकारगिलमधल्या ६८ प्राथमिक शाळांपैकी निम्म्या शाळांच्या वर्गांत सॅनिटायझर ठेवलं. हात स्वच्छ ठेवण्याबद्दलचा अर्ध्या तासाचा तास मात्र दोन्ही गटांत घेतला. आजारपणामुळे होणारी गैरहजेरी मोजली, तर सॅनिटायझरच्या शाळांत ती १.०६ पट, म्हणजे व्यवहारात सारखीच होती.

मग अल्मेरिया खरं की न्यूझीलंड? दोन्ही. न्यूझीलंडमधली मुलं मोठी, बेसिनपर्यंत स्वतः जाणारी. साबण-पाणी तिथे आधीच होतं. त्या वर्षी एच१एन१ची साथ असल्यामुळे तुलनेच्या शाळाही हाताच्या स्वच्छतेबद्दल जागरूक होत्या. मोजली गेली गैरहजेरी, संसर्ग नव्हे. तिथला प्रश्न होता, 'बऱ्यापैकी चाललेल्या हात धुण्यात सॅनिटायझरची भर घातली तर काय?' अल्मेरियातला प्रश्न होता, 'जिथे धुणं अवघड आहे तिथे साबण की सॅनिटायझर?' आणि कराचीतला, 'जिथे साबण वापरला जात नाही तिथे तो वापरायला लावला तर काय?' तीन प्रश्न, तीन उत्तरं.

हातांच्या आवाक्याबाहेरचं

आणखी एक मर्यादा राहते, आणि ती जुन्याच एका वादात दडलेली आहे. १९७८ साली व्हर्जिनियात जॅक ग्वाल्टनी यांनी सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस हाताने पसरतो हे दाखवलं: आजारी माणसाच्या हाताला हात लावून मग स्वतःच्या नाका-डोळ्याला लावणाऱ्या १५ जणांपैकी ११ जणांना संसर्ग झाला. १९८७ साली विस्कॉन्सिनमध्ये इलियट डिक यांनी सर्दी झालेल्या आणि निरोगी माणसांना बारा तास एकत्र पत्ते खेळायला बसवलं. काहींना असे पट्टे किंवा कॉलर लावले की त्यांचा हात चेहऱ्यापर्यंत पोचूच नये. तरी त्यांना जवळपास इतरांइतकाच संसर्ग झाला. मग आजारी खेळाडूंनी हाताळून चिकट केलेले पत्ते दुसऱ्या खोलीतल्या १२ निरोगी माणसांना दिले आणि चेहऱ्याला हात लावायला सांगितलं. एकालाही संसर्ग झाला नाही.

हाताचा मार्ग शक्य आहे हे व्हर्जिनियाने दाखवलं. प्रत्यक्ष खोलीत हवेचा मार्ग किती मोठा असू शकतो हे विस्कॉन्सिनने दाखवलं. त्यामुळे हात कितीही परिपूर्ण धुतले, तरी श्वसनसंसर्ग जेवढ्या प्रमाणात हातांनी पसरतो तेवढाच टळणार. २०२३ च्या कोक्रेन आढाव्यात नऊ अभ्यासांमधल्या ५२,१०५ लोकांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा हातांच्या स्वच्छतेने तीव्र श्वसनसंसर्ग साधारण १४ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. प्रयोगशाळेत खात्री केलेल्या फ्लूबद्दल मात्र ठाम काही म्हणता आलं नाही. बोटांवर ९९ टक्क्यांच्या पुढची घट आणि माणसांत १४ टक्क्यांची: यात कुणी फसवत नाहीये. मधे संख्या आहे, सवय आहे आणि हवा आहे. म्हणून बाटलीवरचा ९९.९ हा आकडा आजार टळण्याचं प्रमाण म्हणून कधीही उद्धृत करू नका.

आता तुमच्या सिनॉप्सिसकडे. 'हात धुणे व सॅनिटायझर यांची श्वसनसंसर्ग प्रतिबंधातील परिणामकारकता' असं शीर्षक घेऊन तुम्ही गाईडकडे गेलात, तर पहिला प्रश्न येईल: परिणामकारकता कशावर मोजणार? बोटांवरचे जंतू, पूर्ण झालेल्या पायऱ्या, दिवसातल्या धुण्याच्या वेळा, की आजारी पडलेली मुलं? दुसरा येईल: कुणाच्या तुलनेत? आणि तिसरा, जो बरेच जण विसरतात: बेसिन किती पावलांवर आहे? तुमच्या गावातल्या अंगणवाडीत करायचा असेल तर हा तिसरा प्रश्न आधी घ्या. एक दिवस जाऊन बसा. नळ कुठे आहे, पाणी किती वाजता येतं आणि जातं, साबण नळापाशी असतो की कपाटात, एका मुलाचे हात धुवायला ताईंना किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून लिहून आणा. या चार नोंदींशिवाय साबण आणि सॅनिटायझरचे गट पाडलेत, तर शेवटी तुम्ही मोजलेलं असेल ते नळाचं अंतर, आणि पेपरमध्ये लिहाल मात्र साबणाबद्दल.